विहिरीच्या पाण्यातील जंतू कोणते? इम्विक चाचण्यांचा अहवाल कसा वाचावा



अलिबागपासून रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीत बहुतेक वाडीला स्वतःची विहीर असते. नारळी-पोफळीला तेच पाणी, घरात प्यायला तेच पाणी आणि बाजारात न्यायच्या माठ, मुळा, कोथिंबिरीच्या जुड्या धुवायलाही तेच पाणी. अशा पाण्याची तपासणी केल्यावर अहवालात पुष्कळदा एकच ओळ येते, ‘कोलिफॉर्म आढळले’. ही ओळ वाचून काही जण घाबरून विहीरच बंद करतात, तर काही जण ‘कोकणात सगळ्याच विहिरींत हे असते’ असे म्हणून कागद खुंटीला लावतात. दोन्ही चूक आहे. कोलिफॉर्म हे एका जंतूचे नाव नसून एका जमातीचे नाव आहे. त्या जमातीतले काही जंतू आतड्यातून आलेले असतात, तर काही माती, पातेरा आणि कुजलेल्या पाल्यावर वाढलेले असतात. हे दोन गट वेगळे करण्यासाठी प्रयोगशाळेत ज्या चार चाचण्या एकत्र केल्या जातात, त्यांना ‘इम्विक’ असे म्हणतात. इंडोल, मिथिल रेड, व्होजेस-प्रोस्काउर आणि सायट्रेट या चार नावांच्या आद्याक्षरांवरून हा शब्द तयार झाला असून मधला एक ‘इ’ केवळ उच्चार सोपा व्हावा म्हणून घातलेला आहे.

या चाचण्या घरी करावयाच्या नाहीत. त्यांत तीव्र आम्ल व दाहक अल्कली लागते आणि जिवंत जंतू हाताळावे लागतात. परंतु त्या कशा करतात, कुठे चुकतात आणि त्यांचा निकाल काय सांगतो हे समजले, तर हातात आलेला अहवाल आपणास वाचता येईल. त्यासाठी आमच्याकडे आलेले एक प्रकरण येथे तपशिलाने मांडतो.

दोन विहिरींचा प्रश्न

अलिबाग तालुक्यातील एका बागायतदारांच्या दोन विहिरी आहेत. एक घरामागे आहे. तिला जांभ्याचा कठडा बांधलेला असून पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. दुसरी पोफळीच्या बागेत आहे. तिला कठडा नाही, वरून झावळ्या व पाने पडतात आणि पाण्याला हिरवट झाक असते. घरी पिण्यासाठी व भाजी धुण्यासाठी अर्थातच घरामागची विहीर वापरात होती. पावसाळ्याच्या अखेरीस घरातील दोन लहान मुलांना पाठोपाठ जुलाब झाले, तेव्हा त्यांनी दोन्ही विहिरींचे पाणी तपासून घेतले.

प्राथमिक तपासणीत पाण्याची १० मि.ली., १ मि.ली. व ०.१ मि.ली. अशी मात्रा प्रत्येकी तीन नळ्यांतील मॅककॉन्की द्रवात घालून ३७ अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवतात. कोलिफॉर्म जंतू या द्रवातील दुग्धशर्करा आंबवून आम्ल व वायू तयार करतात. किती नळ्यांत वायू धरला यावरून कोष्टक पाहून १०० मि.ली. पाण्यातील जंतूंची संभाव्य संख्या काढतात. घरामागच्या विहिरीच्या नळ्यांचा निकाल ३-२-० आला, म्हणजे संख्या ९३. बागेतल्या विहिरीचा निकाल ३-३-० आला, म्हणजे संख्या २४०.

आकडे पाहून त्यांचे मत पक्के झाले. ‘बागेतली विहीर जास्त घाण आहे हे डोळ्यांनाच दिसते. ती उपसून टाकतो, घरची चालू ठेवतो,’ असे ते म्हणाले. आकड्यांवरून कोणीही हेच ठरवले असते. परंतु जंतू किती आहेत हे कळले, तरी ते कुठून आले हे कळत नाही. म्हणून वायू धरलेल्या नळ्यांवर पुढील तपासणी करण्याचे ठरले.

दोन भावांची वेगळी राहणी

एशेरिकिया कोलाय, म्हणजेच ई. कोलाय हा जंतू माणसाच्या व गुराढोरांच्या आतड्यात राहतो. थिओडोर एशेरिक या डॉक्टरांनी १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून तो प्रथम वेगळा केला. पाण्यात तो सापडला, तर त्या पाण्यात विष्ठेचा अंश अलीकडेच गेला आहे असे मानतात. त्याच वाटेने टायफॉइड, हगवण यांचे जंतूही येऊ शकतात. खरी भीती त्यांची असते.

त्याचा दुसरा भाऊ क्लेबसिएला एरोजीन्स. जुन्या पुस्तकांत हाच एन्टेरोबॅक्टर एरोजीन्स या नावाने आढळेल, कारण त्याचे नाव २०१७ मध्ये बदलले. तो आतड्यातही सापडतो, परंतु माती, धान्य, पाने व कुजणारा पालापाचोळा यांवरही तो सुखाने वाढतो. मॅककॉन्कीच्या नळीत दोघेही सारखेच आम्ल व वायू करतात, म्हणून पहिल्या तपासणीत ते ओळखू येत नाहीत.

दोघांना वेगळे करण्याची गरज आधी दुग्धव्यवसायाला भासली. अमेरिकेच्या कृषी खात्यातील रॉजर्स, क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४-१५ च्या सुमारास गाईच्या शेणातून व धान्यावरून असे जंतू गोळा करून त्यांची तुलना केली. शेणातले बहुतेक जंतू साखर एका पद्धतीने आंबवतात व धान्यावरचे बहुतेक दुसऱ्या पद्धतीने, असे त्यांना आढळले. या फरकावर क्लार्क व लब्ज यांनी १९१५ मध्ये मिथिल रेडची चाचणी बसवली. जंतू कोणता याची पारख त्याच्या रूपावरून न करता तो काय खातो आणि खाऊन काय मागे टाकतो यावरून करावयाची, हेच या चारही चाचण्यांचे मूळ सूत्र आहे.

चाचणीपूर्वीचे काम : जंतू एकटा हवा

वायू धरलेल्या नळीत अनेक प्रकारचे जंतू एकत्र असतात. त्यांच्या मिश्रणावर इम्विक केल्यास निकाल निरर्थक येतो. म्हणून नळीतील थेंब प्रथम इओसिन मिथिलीन ब्ल्यू या माध्यमाच्या बशीवर रेघा ओढून पसरतात. दुसऱ्या दिवशी एकेका जंतूपासून वाढलेल्या सुट्या वसाहती दिसतात. ई. कोलायच्या वसाहती गर्द असून त्यांवर हिरवी धातूसारखी चमक असते, तर एरोजीन्सच्या वसाहती मोठ्या, गुलाबी व बुळबुळीत असतात. हा केवळ अंदाज होय. खात्रीसाठी एकेक वसाहत उचलून ती पुन्हा स्वतंत्रपणे वाढवतात आणि शुद्ध झाल्यावरच चार चाचण्यांना घेतात. आमच्या प्रकरणात प्रत्येक विहिरीच्या पाच वसाहती घेतल्या होत्या.

पहिली चाचणी : इंडोल

प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचे एक अमिनो आम्ल असते. ई. कोलायजवळ ते फोडणारे विकर आहे. ते फोडल्यावर इंडोल हा पदार्थ मोकळा होतो. एरोजीन्सजवळ हे विकर नाही.

चाचणीसाठी ट्रिप्टोफॅन भरपूर असलेल्या पेप्टोनच्या द्रवात जंतू सोडून तो ३७ अंशांना २४ ते ४८ तास ठेवतात. मग त्यात कोवॅक्सचा अभिकर्मक सुमारे अर्धा मि.ली. घालून नळी हळुवार हलवतात. या अभिकर्मकातील अमाइल अल्कोहोल पाण्यात मिसळत नाही, ते वर तरंगते आणि इंडोल आपल्यात ओढून घेते. इंडोल असल्यास त्या वरच्या थराचे कडे लालबुंद होते. नसल्यास ते पिवळेच राहते.

येथे दोन चुका होतात. द्रवात ग्लुकोज असल्यास जंतू आधी ते खातो आणि ट्रिप्टोफॅन फोडणारे विकर तयारच करीत नाही, त्यामुळे इंडोल करणारा जंतूही ऋण दिसतो. दुसरी चूक अभिकर्मकाची. तो जुना होऊन तपकिरी झाला असल्यास कडे नीट उमटत नाही. म्हणून चांगली प्रयोगशाळा दर वेळी एक ओळखीचा ई. कोलाय व एक ओळखीचा एरोजीन्स सोबत लावते. ओळखीच्या ई. कोलायचे कडे लाल झाले नाही, तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद समजावेत.

दुसरी व तिसरी चाचणी : एकाच नळीची दोन तोंडे

मिथिल रेड व व्होजेस-प्रोस्काउर या दोन चाचण्या एकाच द्रवात वाढवलेल्या जंतूवर होतात. या द्रवात लिटरला पेप्टोन ७ ग्रॅम, ग्लुकोज ५ ग्रॅम व डायपोटॅशियम फॉस्फेट ५ ग्रॅम असते. फॉस्फेट आम्लाचा थोडाफार मारा सोसून सामू धरून ठेवते. जमिनीतील चुना जसा आम्लता मारतो, तसेच हे काम आहे.

ग्लुकोज मिळाल्यावर ई. कोलाय त्यापासून लॅक्टिक, ॲसेटिक, सक्सिनिक, फॉर्मिक अशी आम्ले भरपूर तयार करतो. फॉस्फेटची ताकद संपते आणि सामू ४.४ च्या आसपास किंवा त्याखाली येऊन तिथेच राहतो. एरोजीन्सही सुरुवातीस आम्ल करतो. परंतु आम्लता वाढू लागताच तो साखरेचा बराच भाग ॲसिटोइन व ब्युटेनडायॉल या आम्ल नसलेल्या पदार्थांकडे वळवतो, त्यामुळे सामू पुन्हा वर चढतो. थोडक्यात, एक जण आपल्याच आम्लात बसून राहतो, तर दुसरा त्यातून वाट काढतो.

नळी ३७ अंशांना किमान ४८ तास ठेवल्यावर तिचे दोन भाग करतात. एका भागात, सुमारे ५ मि.ली. द्रवात, मिथिल रेडचे ५ थेंब टाकतात. सामू ४.४ किंवा त्याखाली असल्यास द्रव लाल होतो, तो निकाल धन. सामू ६ च्या वर असल्यास तो पिवळा राहतो, तो निकाल ऋण. नारिंगी रंग आल्यास निकाल देऊ नये. नळी आणखी वाढू द्यावी.

दुसऱ्या भागातून १ मि.ली. द्रव घेऊन त्यात अल्कोहोलमधील ५ टक्के अल्फा-नॅफ्थॉल ०.६ मि.ली. आणि नंतर ४० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड ०.२ मि.ली. घालतात. नळी चांगली हलवून तोंड मोकळे ठेवतात. हवेतील ऑक्सिजनमुळे ॲसिटोइनचे डायॲसिटिल होते आणि ते पेप्टोनमधील घटकांशी संयोग पावून गुलाबी-लाल रंग देते. हा रंग १५ मिनिटांत दिसू लागतो व तासाभरात पक्का होतो. व्होजेस व प्रोस्काउर यांनी १८९८ मध्ये केवळ अल्कली वापरून हा रंग पाहिला होता. अल्फा-नॅफ्थॉलची भर नंतर पडली व चाचणी अधिक संवेदनशील झाली.

या जोडीत सर्वांत जास्त चूक घाईमुळे होते. एरोजीन्स आधी आम्ल करतो हे वर सांगितलेच. रात्रभर ठेवून दुसऱ्या सकाळी मिथिल रेड टाकल्यास त्याची नळीही लाल दिसेल आणि पाल्यावरचा जंतू आतड्यातला ठरेल. व्होजेस-प्रोस्काउरमध्ये क्रम उलटा केला, नळी हलवली नाही किंवा तासापेक्षा फार उशिरा वाचली, तर फसगत होते. उशिरा येणारा तांबूस-तपकिरी रंग हा अभिकर्मकांचा स्वतःचा असतो, तो धन धरू नये. या दोन चाचण्या साधारणपणे एकमेकींच्या उलट येतात. दोन्ही धन आल्या तर पहिला संशय घाईचा किंवा मिश्र जंतूंचा घ्यावा.

चौथी चाचणी : सायट्रेट

लिंबात जे आम्ल असते त्याचे क्षार म्हणजे सायट्रेट. केवळ सायट्रेटवर जगण्याची ताकद जंतूत आहे काय, हे येथे पाहतात. कोसर यांनी १९२३ मध्ये ही कल्पना मांडली व सिमन्स यांनी १९२६ मध्ये तिला घट्ट माध्यमाचे रूप दिले. सिमन्सच्या माध्यमात कर्बासाठी फक्त सोडियम सायट्रेट व नत्रासाठी फक्त अमोनियम क्षार असतो, शिवाय ब्रोमथायमॉल ब्ल्यू हा रंग असतो. माध्यम हिरवे दिसते. एरोजीन्स सायट्रेट आत घेऊन वाढतो, माध्यम अल्कधर्मी होते व हिरव्याचे गर्द निळे होते. ई. कोलायला हवेच्या सान्निध्यात सायट्रेट पेशीच्या आत घेता येत नाही. अन्न समोर असून दार बंद असल्यासारखी त्याची गत होते आणि माध्यम हिरवेच राहते.

ही चाचणी दिसायला सोपी, पण फसवायला तयार असते. जंतू घेताना सुईच्या टोकावर अगदी अल्प घ्यावा लागतो. भरभरून घेतला किंवा द्रव माध्यमातून थेंब टाकला, तर सोबत आलेल्या अन्नावर ई. कोलायही थोडा वाढतो आणि धन असल्याचा भास होतो. म्हणून एकाच सुईने सर्व माध्यमांत जंतू सोडायचे असतील, तर सायट्रेट आधी घ्यावे. नळीचे झाकण सैल ठेवावे, कारण हवा लागते. २४ तासांत निळे झाले नाही म्हणून लगेच ऋण लिहू नये. चार दिवसांपर्यंत वाट पाहावी.

चारही निकाल एकत्र वाचणे

अहवालात निकाल नेहमी इंडोल, मिथिल रेड, व्होजेस-प्रोस्काउर, सायट्रेट याच क्रमाने लिहितात. नेहमी आढळणारे नमुने खालीलप्रमाणे आहेत.

ई. कोलाय : + + − −
क्लेबसिएला एरोजीन्स : − − + +
सिट्रोबॅक्टर फ्रॉइन्डी : − + − + (इंडोल कधीकधी धन)
साल्मोनेलाचे बहुतेक प्रकार : − + − +
टायफॉइडचा जंतू : − + − −

पहिल्या दोन ओळी एकमेकींच्या अगदी उलट आहेत हे आपल्या ध्यानात आले असेल. तिसरी व चौथी ओळ मात्र सारखीच दिसते. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

दोन विहिरींचा अहवाल

आता मूळ प्रकरणाकडे येऊ. बागेतल्या विहिरीच्या पाचही वसाहतींचा नमुना − − + + आला. घरामागच्या विहिरीच्या पाचपैकी तीन वसाहती + + − − आल्या, एक − + − + आली आणि एक चक्क + + + + आली.

चारही धन हा निकाल पाहून थांबावे लागले. असा एखादा जंतू असणारच नाही असे नाही, परंतु पाण्याच्या नमुन्यात असा निकाल आला की बहुधा दोन जंतू एकत्र वाढलेले असतात. एकाने इंडोल व आम्ल दिले, दुसऱ्याने ॲसिटोइन दिले व सायट्रेट खाल्ले, आणि आपण मात्र सर्व खाते एकाच्या नावावर मांडले. ती वसाहत पुन्हा बशीवर पसरली, तेव्हा चमकदार व बुळबुळीत अशा दोन तऱ्हेच्या वसाहती वेगळ्या झाल्या. त्यांचे नमुने + + − − व − − + + आले. शंका फिटली.

पडताळा म्हणून मूळ नळ्यांतील जंतू ४४.५ अंश सेल्सिअसला पुन्हा आंबवून पाहिले. आतड्याच्या उबेला सरावलेला ई. कोलाय या तापमानातही वायू करतो, मातीतले बहुतेक भाऊबंद करीत नाहीत. घरामागच्या विहिरीच्या नळ्यांत वायू आला, बागेतल्या विहिरीच्या नळ्यांत आला नाही.

म्हणजे संख्या ज्या विहिरीची अडीच पट होती व जिचे पाणी हिरवट होते, तिच्यात मुख्यतः पातेऱ्यावरचे जंतू होते. काचेसारख्या स्वच्छ पाण्यात विष्ठेचा अंश होता. नेमके तेच पाणी मुले पीत होती आणि त्याच पाण्यात कोथिंबिरीच्या जुड्या बुडवून बाजारात जात होत्या. ही कोथिंबीर पुष्कळ घरांत कच्चीच खाल्ली जाते.

कारणाचा शोध आणि उपाय

अहवाल हातात आल्यावर विहिरीभोवती फिरून पाहिले. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम सहा मीटरवर व उताराच्या वरच्या अंगाला होता. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा. जांभ्यात तर हे अंतरही पुरेसे ठरेल असे नाही, कारण जांभ्याच्या भेगांतून व पोकळ्यांतून पाणी गाळले न जाता थेट वाहते. पावसाळ्यात भूजल वर चढते, खड्ड्याच्या तळाला लागते आणि विहिरीची वाट धरते. शिवाय कठड्याभोवतीच्या ओट्याला चीर होती व तिथेच भांडी घासली जात होती. गोठा मात्र खालच्या अंगाला होता.

त्यांनी खड्डा उपसून बुजवला व नवा खड्डा उताराच्या खालच्या बाजूला, दूर घेतला. ओट्याची चीर सिमेंटने भरून सांडपाण्याला पन्हळ काढली. त्यानंतर विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली. तिचा हिशेब असा. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. ३.१४ × १.५ × १.५ × ४ म्हणजे सुमारे २८ घनमीटर, अर्थात २८,००० लिटर पाणी. दर १,००० लिटरला ताजी, चांगल्या प्रतीची पावडर २.५ ग्रॅम, म्हणून ७० ग्रॅम. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग बादली पाण्याने भरून दहा मिनिटे निवळू द्यावी. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून दोरीने विहिरीत सोडावे व बादली वरखाली करून ढवळावे. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. तासाभरानंतर पाणी वापरावे. उघड्यावर राहिलेल्या जुन्या पावडरीत क्लोरीन उरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

क्रम मात्र महत्त्वाचा आहे. खड्डा तसाच ठेवून नुसती पावडर टाकली असती, तर आठवडाभरात जंतू पुन्हा दिसले असते. बागेतल्या विहिरीचा उपाय वेगळा ठरला. झावळ्या व गाळ काढणे, वर जाळी टाकणे आणि पावसाचे वाहते पाणी आत येऊ नये म्हणून कठडा उंचावणे. त्या पाण्यावर बाग भिजवण्यास हरकत नव्हती. परंतु ‘पातेऱ्याचेच जंतू आहेत’ म्हणून ते पिण्यास योग्य ठरले असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आय.एस. १०५००, २०१२) १०० मि.ली. पाण्यात ई. कोलाय तर नाहीच, पण एकूण कोलिफॉर्मही आढळता कामा नयेत.

क्लोरीनचा अंश गेल्यावर घरामागच्या विहिरीचे पाणी पुन्हा तपासले, तेव्हा एकाही नळीत वायू आला नाही. तरी त्यांना पुढच्या पावसाळ्यात भूजल चढल्यावर आणखी एकदा नमुना पाठवण्यास सांगितले आहे. अशा विहिरीची खरी परीक्षा तेव्हाच होते, मार्च-एप्रिलमध्ये नव्हे.

या चाचण्या काय सांगत नाहीत

इम्विकवरून ई. कोलाय ओळखता येतो, पण तो माणसाच्या शौचालयातला की गोठ्यातल्या शेणातला, हे कळत नाही. दोघांचा नमुना + + − − हाच असतो. वरील प्रकरणात शोषखड्डा दोषी ठरला तो जागेची पाहणी करून, नळीच्या रंगावरून नव्हे. तसेच आतड्यात निमूट राहणारा ई. कोलाय व जुलाब घडवणारा ई. कोलाय यांतही या चाचण्या फरक करीत नाहीत. म्हणून मुलांचे जुलाब याच पाण्याने झाले असे या अहवालावरून आम्ही म्हटले नाही. पाणी पिण्यास अयोग्य होते एवढेच म्हटले.

दुसरी मर्यादा त्या − + − + वसाहतीची. सिट्रोबॅक्टर व साल्मोनेला यांचा नमुना येथे एकच. पहिला बहुधा निरुपद्रवी, दुसरा रोगकारक. असा नमुना आल्यास प्रयोगशाळा हायड्रोजन सल्फाइड, युरिएज, लायसिन यांसारख्या पुढील चाचण्या व शेवटी रक्तद्रवाची चाचणी करते. एक खूण मात्र मदतीला येते. मॅककॉन्कीत दुग्धशर्करा आंबवणारा जंतू साल्मोनेला असण्याची शक्यता फार कमी असते. आमची ती वसाहत दुग्धशर्करा आंबवणारी होती व पुढील चाचण्यांत सिट्रोबॅक्टर ठरली.

तिसरी गोष्ट अशी की आज अनेक प्रयोगशाळा ई. कोलायच्या एका विशिष्ट विकरावर रंग किंवा चकाकी देणारी तयार माध्यमे वापरतात व २४ तासांत निकाल देतात. तेथे अहवालात इम्विकचा उल्लेख नसेल, थेट ‘ई. कोलाय आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ असे असेल. अर्थ तोच घ्यावा.

नमुना पाठवताना

प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्यावी. तिच्यात क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, म्हणून ती विसळू नये. बाटलीच्या तोंडाला बोट लावू नये व ती काठोकाठ भरू नये. पंपाचे पाणी दोन मिनिटे वाहू देऊन मग घ्यावे. बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोचवावी. पावडर टाकल्या-टाकल्या नमुना घेऊ नये.

अर्जावर विहिरीचे शोषखड्ड्यापासून व गोठ्यापासूनचे अंतर लिहावे आणि ‘कोलिफॉर्म आढळल्यास ई. कोलायची खात्री करावी’ अशी ओळ अवश्य घालावी. ती ओळ नसेल, तर पुष्कळदा तपासणी पहिल्या आकड्यावरच थांबते. वरील बागायतदार त्या आकड्यावर थांबले असते, तर त्यांनी बागेतली विहीर उपसली असती आणि घरामागचे पाणी तसेच पीत राहिले असते.